संत्र्याचा ढीग, निळा शर्ट आणि डाव्हिंची रिझॉल्व्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

आंबिया बहार सुरू झाला तेव्हापासून नागपूरच्या कळमना मार्केटचे फोनवर घेतलेले व्हिडिओ मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत दुरुस्त करतोय. 'सिनेमॅटिक' लूकबद्दल सगळेच बोलतात, मला त्याआधीच्या कामाबद्दल, म्हणजे बिघडलेले रंग आणि उजेड ताळ्यावर आणण्याबद्दल सांगायचं आहे.

फ्रेमभर संत्री असली की फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की उजेडच पिवळा आहे. मग तो चित्र थंड करतो. संत्री फिकी पडतात आणि बाजूला उभ्या अडत्याचा पांढरा शर्ट निळसर होतो. यावर थेट सावल्या निळसर-हिरव्या आणि त्वचा नारिंगी करणारा टील-ऑरेंज लूक चढवला तर शर्ट आणखी निळा होतो आणि संत्री प्लास्टिकची वाटतात.

म्हणून मी Color पेजवर आधी Parade हा रंगांचा आलेख उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्टा म्हणजे डावीकडून उजवीकडे अख्खी फ्रेमच. उंची म्हणजे तो रंग किती आहे ते, ० ते १०२३ या मापावर. शर्ट फ्रेमच्या डाव्या कडेला असेल तर प्रत्येक पट्ट्याच्या डाव्या कडेलाच तो शोधायचा. एका क्लिपमध्ये तिथे लाल ६०० च्या आसपास होता, निळा मात्र ७८० च्या वर. Temp उबदार बाजूला नेत दोन्ही जवळ आणले, उरलेली हिरवी झाक Tint मॅजेंटाकडे सरकवून काढली. संत्र्यांच्या जागी मात्र लाल वर आणि निळा खालीच राहायला हवा. तिथेही तिन्ही सारखे करायला गेलात, तर फोनने केलं तेच पुन्हा कराल.

व्हाइट बॅलन्सचा पिकर सोयीचा आहे, पण उन्हात जळालेल्या पांढऱ्यावर टेकवू नका. तिथे तिन्ही रंग १०२३ ला आदळलेले असतात, त्यामुळे झाक लपते. सावलीतली, तपशील शाबूत असलेली कापडाची घडी निवडा.

एक्स्पोजर मी याच्याही आधी, पहिल्या नोडवर घेतो. नोड म्हणजे एकामागोमाग लावलेल्या दुरुस्त्यांमधला एक टप्पा. शेडच्या मागे उघडं आकाश असलं की चेहरे काळवंडतात. तेव्हा मधल्या उजेडाचा Gamma थोडा वर. सगळ्यात उजळ भागाचा Gain ओढला तर आकाश आणखी जळतं. Parade मध्ये आकाशाची वरच सपाट रेघ झाली असेल तर ते गेलंच. Gain खाली आणून ढग परत येत नाहीत, नुसता राखाडी पट्टा येतो. सावली फार उचलली तर नॉइज म्हणजे दाणेदारपणा उसळतो, आणि नॉइज रिडक्शन फक्त सशुल्क आवृत्तीत आहे. ही उणीव मला खरंच जाणवते.

कॅमेरा ढिगावरून माणसांकडे वळला की रंग मध्येच बदलतो. अशी क्लिप बदलाच्या जागी कापून दोन तुकडे वेगवेगळे सुधारावे लागतात. बदल सावकाश असेल तर कीफ्रेम लावून दुरुस्तीही हळूहळू बदलत न्यायची. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून आता शूटिंगलाच प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला लॉक करतो. उन्हात तेवढं पुरतं. लूक असतो तिसऱ्या नोडवर, आणि सगळ्या क्लिपना तोच चालतो. पहिले दोन नोड मात्र प्रत्येक क्लिपचे वेगळे.