आठ महिने वापरलेला मल्टिमीटर: मीटर बरोबर, रीडिंग चूक

गेल्या ऑक्टोबरात साडेतीन हजारांचा डिजिटल मल्टिमीटर घेतला. त्याआधी दहा वर्षं तो सगळ्यांच्या घरात असतो तसला पिवळा, दोन-तीनशे रुपयांचा मीटर वापरत होतो. नव्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मी जे लिहिणार आहे ते याच किमतीतल्या जवळपास कुठल्याही मीटरला लागू पडेल.

वरवरचं आधी उरकून टाकतो. प्रोबच्या वायरी मऊ आहेत, उन्हात डिस्प्ले नीट दिसतो, बझर पटकन वाजतो. पाठीमागचा स्टँड दुसऱ्याच महिन्यात सैल झाला. बॅटरीचे सेल अजून पहिलेच आहेत. अचूकतेबद्दल तक्रार नाही, ओळखीच्या लॅबमधल्या महागड्या मीटरशी ताडून पाहिला तर फरक शेवटच्या आकड्यातच. आणि तरीही या मीटरवर विश्वास ठेवून मी दाजींच्या शेतावरची एक बॅटरी मारली.

दाजींच्या विहिरीजवळ पाण्याच्या पातळीचा सेन्सर बसवून दिला होता. 12 व्होल्टची 7 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, छोटं सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर, मायक्रोकंट्रोलर आणि मोबाइलवर आकडे पाठवणारा मोडेम. बॅटरी 11.8 व्होल्टला आली की मोडेम बंद व्हायचा, म्हणजे ती खोल उतरणार नाही. मायक्रोकंट्रोलरला 12 व्होल्ट सरळ देता येत नाहीत, म्हणून दोन रेझिस्टरचा डिव्हायडर: वर 4.7 मेगाओम, खाली 1 मेगाओम, आणि खालच्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलर वाचतो. एवढे मोठे रेझिस्टर का, तर बॅटरीतून फुकट करंट जाऊ नये. 12.6 व्होल्टला जेमतेम 2.2 मायक्रोअँपिअर. या काटकसरीवर तेव्हा मी फार खूश होतो.

रेझिस्टर 5 टक्के टॉलरन्सचे होते. रंगपट्ट्यांवर कशाला विसंबा, हातात नवा मीटर आहे, म्हणून प्रत्यक्ष मोजलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.60. खालच्या रेझिस्टरवर 2.042. भागाकार 6.17. तो सरळ प्रोग्रॅममध्ये घातला:

```
float battery = nodeVolt * 6.17;
```

पट्ट्यांप्रमाणे हा आकडा 5.7 यायला हवा होता. 8 टक्क्यांचा फरक टॉलरन्सचा असेल म्हणून सोडून दिला.

हिवाळ्यात सगळं झकास वाटत होतं. मोबाइलवर बॅटरी सकाळी 13.6 दाखवायची. भर दुपारी मात्र आकडा 15.6 वर जायचा, आणि 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला एवढं देणं म्हणजे तिला उकळायला ठेवणं. मी चार्ज कंट्रोलरला दोष दिला आणि दाजींना नवा आणायला लावला. नव्यावरही 15.6. तेव्हाच बॅटरीच्या टर्मिनलवर प्रोब लावून पाहायला हवं होतं. पण मी घरी, विहीर सत्तर किलोमीटरवर.

एप्रिलमध्ये दाजींचा फोन आला. "अरे, मोबाइलवर बॅटरी चांगली दाखवतेय आणि संध्याकाळ झाली की तुझं यंत्र मुकं होतंय. काय भानगड आहे?" गेलो. ढगाळ दिवस होता. मोडेम नुकताच बंद झाला होता आणि शेवटचा आलेला आकडा होता 11.8. टर्मिनलवर मीटर लावला: 10.9. म्हणजे महिनोन्‌महिने बॅटरी 11.8 ला नव्हे, 10.9 ला थांबत होती. लेड-ॲसिडसाठी हा जवळजवळ तळ. रोज तळाला नेलेली बॅटरी जशी जाते तशी ती गेली होती.

लॅपटॉप जोडला आणि मायक्रोकंट्रोलर खालच्या रेझिस्टरवर स्वतः किती व्होल्टेज वाचतोय ते स्क्रीनवर आणलं. नवी बॅटरी जोडलेली, 12.60 व्होल्टची. स्क्रीनवर 2.21, 2.21, 2.21. मग त्याच ठिकाणी मीटरचे प्रोब टेकवले. डोळ्यांदेखत 2.21 चे 2.04 झाले. प्रोब उचलले, परत 2.21. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मीटर खोटं बोलत नव्हता. तो जोडलेला असताना तिथे खरोखर 2.04 व्होल्टच होते. तो नसताना नव्हते, एवढंच.

कारण सोपं आहे, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात मीही शिकलो होतो. व्होल्टेज मोजताना मीटर म्हणजे सर्किटला समांतर जोडलेला आणखी एक रेझिस्टर. माझ्या मीटरचा तो 10 मेगाओम आहे. खालच्या 1 मेगाओमला 10 मेगाओम समांतर लावले की तिथे 0.909 मेगाओमच उरतात, आणि डिव्हायडरचं वाटपच बदलतं. चूक किती होणार हे त्या जागेच्या अंतर्गत रोधावर ठरतं. इथे 4.7 आणि 1 मेगाओम समांतर धरायचे, कारण बॅटरीचा स्वतःचा रोध नगण्य आहे. उत्तर येतं 0.825 मेगाओम. मीटरला खऱ्या व्होल्टेजचा वाटा मिळतो 10 भागिले 10.825, म्हणजे 92.4 टक्के. 2.21 चे 92.4 टक्के म्हणजे 2.04. बॅटरीच्या टर्मिनलवर हाच मीटर अचूक दाखवतो, कारण तिथला रोध ओमच्याही अंशात असतो.

घरी येऊन तसाच डिव्हायडर 12.60 व्होल्टवर जोडला आणि जुना पिवळा मीटर काढला. त्याचा इनपुट रोध 1 मेगाओम. त्याच जागी त्याने 1.21 व्होल्ट दाखवले, निम्म्याच्या जरा वर. तो वापरला असता तर गुणक दहाच्या पुढे गेला असता, मोबाइलवर बॅटरी 23 व्होल्ट दिसली असती आणि पहिल्याच दिवशी चूक पकडली गेली असती. चांगल्या मीटरने 8 टक्क्यांची, पटण्याजोगी चूक केली, म्हणून ती सहा महिने टिकली.

कपाटात काट्याचा एक मीटरही आहे, 20 किलोओम प्रति व्होल्टचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून आलेला. याचा रोध रीडिंगवर नाही, निवडलेल्या रेंजवर ठरतो: 10 व्होल्टच्या रेंजला 200 किलोओम, 50 च्या रेंजला 1 मेगाओम. त्याच जागी 10 च्या रेंजवर काटा 0.43 ला आला, 50 च्या रेंजवर 1.2 च्या आसपास. एकाच जागेची दोन रेंजवर दोन उत्तरं आली की समजावं, मीटर सर्किटला खाली ओढतोय. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओच्या सर्किटवर व्होल्टेज कुठल्या मीटरने मोजलंय ते का छापलेलं असायचं, ते तेव्हा कळलं. दुरुस्त करणाऱ्याकडे तसाच मीटर असेल तर चूकही तीच, आणि आकडे जुळतात.

डिजिटल मीटरमध्ये ही रेंजची खूण सहसा मिळत नाही, कारण बहुतेक रेंजना रोध साधारण तोच राहतो. तिथे दुसरी खूण आहे, आणि या आठ महिन्यांतली माझी खरी कमाई तीच. वरच्या रेझिस्टरवरही मोजायचं. मला 9.60 मिळाले. 2.04 आणि 9.60 मिळून 11.64, आणि बॅटरी तर 12.60. जवळजवळ एक व्होल्ट गेला कुठे? कुठेच नाही. दोन्ही वेळा मीटरने आपापल्या जागी 92.4 टक्केच दाखवले. दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरमध्ये कुठल्याही रेझिस्टरवर मीटर लावा, त्याला दिसणारा अंतर्गत रोध तोच असतो, म्हणून दोन्ही रीडिंग एकाच प्रमाणात घसरतात. त्यामुळे मीटरचा रोध माहीत नसला तरी खरा आकडा काढता येतो: 2.042 गुणिले 12.60 भागिले 11.64. उत्तर 2.21.

यालाही मर्यादा आहेत. दोन्ही रीडिंग घेताना मीटरचा रोध तोच हवा, म्हणजे काट्याच्या मीटरवर रेंज बदलायची नाही. डिजिटलमध्ये काही मीटरना मिलिव्होल्टच्या रेंजला रोध एकदम खूप जास्त असतो, तेव्हा तिथेही सावध राहायचं. एकूण व्होल्टेज मजबूत स्रोताचं हवं. आणि प्रोबच्या टोकांना बोटं लावायची नाहीत. घामट बोटांचा रोध मेगाओमच्या घरातला किंवा त्याहूनही कमी असतो, तो मीटरला समांतर बसतो. पहिल्यांदा मी एका हाताने प्रोब चिमटीत धरून मोजत होतो आणि आकडा नाचत होता.

मीटरचा रोध काढायचा असेल तर 9 व्होल्टचा सेल आणि 1 मेगाओमचा एक रेझिस्टर पुरतो. माझा सेल थेट 9.42 दाखवत होता. लाल प्रोबच्या वाटेत 1 मेगाओम घातला, 8.56. वाटेत पडलेले 0.86 व्होल्ट 1 मेगाओमवर, उरलेले 8.56 मीटरवर. भागाकार जवळपास 10, म्हणून 10 मेगाओम. पिवळ्यावर याच प्रयोगात बरोबर निम्मं, 4.71 आलं.

डिव्हायडर बदलला. 470 आणि 100 किलोओम, 1 टक्क्याचे. अंतर्गत रोध 82 किलोओमवर आला आणि याच मीटरची चूक 1 टक्क्याच्या आत. करंट 22 मायक्रोअँपिअर झाला खरा, पण लेड-ॲसिड बॅटरी पडून राहूनच याच्या कितीतरी पट चार्ज गमावते. वीस मायक्रोअँपिअर वाचवण्याची माझी काटकसर निव्वळ हौस होती. प्रोग्रॅममध्ये आता 5.7 आहे, आणि पडताळणी करताना मीटर फक्त टर्मिनलवर लावतो.

मीटरवर कमी रोधाचं एक वेगळं सेटिंगही आहे. आधी ते मला निरुपयोगी वाटायचं. मोटरच्या स्टार्टरमधली बंद केलेली वायर शेजारच्या चालू वायरमुळे 70-80 व्होल्ट दाखवते, आणि ती खरंच जिवंत आहे की नाही हे 10 मेगाओमने कळत नाही. या सेटिंगवर मीटरचा रोध काही किलोओमवर येतो आणि वायर खरोखर बंद असेल तर भुताटकीचं व्होल्टेज लगेच शून्याकडे कोसळतं. तिथे सर्किट खाली ओढणं हवंच असतं. तेच सेटिंग जुन्या डिव्हायडरवर लावलं तर रीडिंग काही मिलिव्होल्टच येतं.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. पाठीवर मार्करने 10 मेगाओम लिहून ठेवलंय, पिवळ्याच्या पाठीवर 1. दाजींच्या शेडमध्ये तो पहिला चार्ज कंट्रोलर अजून खिळ्याला लटकलाय. चांगला चालतो. त्याचं काय करायचं, असं ते दर भेटीला विचारतात.