स्कोअर 78 दिसत होता, तरी मी 'मंजूर' दाबलं

1,180, 1,460 आणि 925 डॉलर. तीन ऑर्डरी मिळून 3,565 डॉलरच्या लेन्स मी स्वतःच्या हाताने पॅक करून चोराला पाठवल्या. नऊ वर्षं कॅमेऱ्याचं सामान ऑनलाइन विकतोय. चोरीची कार्डं, चार्जबॅक म्हणजे कार्डधारकाने बँकेकडे वाद घालून दुकानदाराकडून पैसे परत घेणं, हे काही मला नवीन नाही, म्हणून जास्तच जिव्हारी लागलंय.

त्या माणसाने सुरुवात मोठ्या ऑर्डरने केलीच नाही. आधी 34 डॉलरचा फिल्टर, मग 52 ची पिशवी, मग 41 चा पट्टा. तिन्ही एकाच कार्डावर, एकाच लॅपटॉपवरून. पैसे मंजूर होण्याआधी आमची यंत्रणा प्रत्येक ऑर्डरला जोखमीचे गुण देते. ब्राउझर, स्क्रीनचा आकार, भाषा यांवरून ती उपकरण ओळखते, आयपीवरून ठिकाण काढते आणि ही खरेदी त्या ग्राहकाच्या सवयीला धरून आहे का ते बघते. गुण जितके जास्त तितका धोका. पहिल्या ऑर्डरला 22 आले, दुसरीला 13, तिसरीला 9. ओळखीचं उपकरण, तेच ठिकाण, तक्रार एकही नाही. पण तक्रार यायला वेळच कुठे मिळाला होता? कार्डधारकाच्या लक्षात यायला आठवडे लागतात, आणि वाद घालायला त्याच्याकडे साधारण 120 दिवस असतात. चोर तिसऱ्या आठवड्यात मोठा हात मारून मोकळा झाला. गप्प बसलेला ग्राहक म्हणजे चांगला ग्राहक, असं यंत्रणेने धरलं आणि मीही धरलं.

मग 1,180 ची ऑर्डर आली. गुण 78, ऑर्डर तपासणीसाठी थांबवलेली. कारणंही समोर लिहिलेली होती: रक्कम आधीच्या सरासरीच्या 28 पट, कार्ड नवीन, पाठवायचा पत्ता नवीन, आणि उपकरणाचं घड्याळ ठिकाणापेक्षा 8 तास पुढे. हे शेवटचं मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो! कारण त्याच्यावरच हिरव्या अक्षरांत दिसत होतं की आयपी कार्डाच्या पत्त्याच्याच शहरातला आहे, कार्डाचा पत्ता जुळतो, सीव्हीव्ही जुळतो. ठिकाण भाड्याने मिळतं हो. कुणाच्या तरी घरच्या इंटरनेट जोडणीतून वाट काढली की आयपी हव्या त्या शहरातला दिसतो. चोरलेल्या कार्डासोबत पत्ता आणि सीव्हीव्हीही चोरलेलेच असतात. लॅपटॉपचं घड्याळ मात्र तो बदलायला विसरला होता. सगळ्या पानावर खरी गोष्ट तेवढी एकच होती.

मी फोन केला. नंबर त्यानेच ऑर्डरमध्ये दिलेला, म्हणजे चोराची चौकशी मी चोराकडेच केली. कार्डाच्या बँकेमार्फत खातरजमा करायला हवी होती. तो शांतपणे बोलला, भावाला भेट द्यायचीय म्हणाला. खरा ग्राहक अडवला तर तो कायमचा जातो, हे ज्यांनी दुकान चालवलंय त्यांना विचारा. ओटीपीची पायरीही मी याच भीतीने बंद केली होती. ती चालू असती तर हा तोटा बहुधा बँकेवर गेला असता. चालू ठेवा, निदान मोठ्या रकमांना.

त्याहून मोठी चूक पुढची. 'मंजूर' दाबताना मी 'या ग्राहकाला नेहमी परवानगी' या चौकटीतही खूण केली. पुढच्या 40 मिनिटांत आणखी दोन कार्डांवर 1,460 आणि 925 च्या ऑर्डरी झाल्या. एका उपकरणावर एका तासात तीन वेगळी कार्डं! यंत्रणेने हे हमखास पकडलं असतं, पण मीच तिचं तोंड बंद केलेलं. ती यादी आजच उघडा आणि रिकामी करा.

पेमेंट कंपनीला लिहिलं तर उत्तर एका ओळीचं: इशारा दिला होता, निर्णय तुमचा. कार्डाची बँक म्हणते आम्ही फक्त कार्डधारकाशी बोलतो. पोलीस म्हणाले फसवणूक कार्डधारकाची झालीय, तक्रार त्याने द्यावी. अहो, त्याला त्याचे पैसे परत मिळाले! ते माझ्या खात्यातून गेले, माल माझा गेला, आणि प्रत्येक वादामागे 15 डॉलर दंड मलाच. कुरिअरची पोचपावती जोडली, तर म्हणे माल पोचल्याने कार्डधारकानेच खरेदी केली हे सिद्ध होत नाही. मान्य. मग ज्या पत्त्यावर सही करून माल घेतला गेला, तिथे जाऊन कुणी विचारणार आहे की नाही? तीन वेळा हेलपाटे घातले, पत्ता लिहून दिला. तक्रार क्रमांकसुद्धा मिळालेला नाही.

छोट्या ऑर्डरींचे वाद मागाहून आले. आधी 52 चा, मग 41 चा. आज सकाळी 34 डॉलरच्या त्या पहिल्या फिल्टरचाही आला. दंड धरून आकडा आता 3,782 डॉलर झालाय.