डायोडच्या ट्रेनर किटचा सत्रभराचा अनुभव: फॉरवर्ड बाजू चोख, रिव्हर्स बाजू मात्र तपासून घ्यावी

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत डायोडचा व्होल्टेज-करंट आलेख काढण्यासाठी आम्ही एक ट्रेनर किट घेतले. शून्य ते ३० व्होल्टचा बदलता पुरवठा, एक किलोओहमचा रेझिस्टर, एक डिजिटल व्होल्टमीटर, मिलिअँपिअर आणि मायक्रोअँपिअर दाखवणारे मीटर, वन-एन-४००७ हा सिलिकॉन डायोड आणि ५.१ व्होल्टचा झेनर, एवढे साहित्य एका पेटीत मिळते. सत्रभर अनेक बॅचेसनी ते हाताळल्यानंतरचे माझे मत येथे नोंदवत आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेला दोष या प्रकारच्या कोणत्याही किटमध्ये असू शकतो आणि तो घरच्या घरी ओळखता येतो.

फॉरवर्ड बायसचा भाग समाधानकारक आहे. पुरवठ्याचा नॉब सावकाश फिरवत गेल्यास डायोडवरील व्होल्टेज ०.४ व्होल्टपर्यंत पोहोचले तरी मिलिअँपिअर मीटर जवळपास शून्यावरच राहतो. ०.५८ व्होल्टच्या आसपास एक मिलिअँपिअर मिळतो आणि ०.६८ च्या आसपास करंट दहा मिलिअँपिअरपर्यंत जातो. आलेखात याच पट्ट्यात रेषा आडवी सोडून उभी होते, आणि या वळणालाच आपण गुडघा किंवा नी व्होल्टेज म्हणतो. जंक्शनवरचा अंतर्गत विद्युत अडथळा फॉरवर्ड व्होल्टेजमुळे कमी होत जातो आणि तो ओलांडू शकणाऱ्या वाहकांची संख्या घातांकी वेगाने वाढते, हे त्यामागचे कारण आहे. या डायोडमध्ये साधारण ०.१ व्होल्ट वाढले की करंट दहापट होतो. म्हणून ०.७ व्होल्ट ही एखाद्या दरवाजाची कडी आहे आणि ती उघडताच करंट सुरू होतो, असे विद्यार्थ्यांना सांगू नये. करंट त्याआधीही असतोच, फक्त मिलिअँपिअरच्या मोजपट्टीवर तो दिसत नाही. करंटचा अक्ष लॉगरिदमिक घेऊन तीच रीडिंग्ज मांडली तर गुडघा नाहीसा होतो आणि जवळजवळ सरळ रेषा उरते. हा दुसरा आलेख मी प्रत्येक बॅचकडून आवर्जून काढून घेतो.

खरा प्रश्न रिव्हर्स बायसचा आहे. डायोड उलटा जोडून किटच्या पुस्तिकेप्रमाणे रीडिंग घेतल्यास १० व्होल्टला १० मायक्रोअँपिअर, २० व्होल्टला २० आणि ३० व्होल्टला ३० मायक्रोअँपिअर असे आकडे येतात. पुस्तिकेत हाच रिव्हर्स सॅच्युरेशन करंट असल्याचे छापले आहे. मात्र सॅच्युरेशन म्हणजे करंट एका पातळीवर थांबणे. डिप्लीशन भाग रुंदावल्यावर बहुसंख्य वाहकांची वाट बंद होते आणि उष्णतेने निर्माण होणारे मोजके अल्पसंख्य वाहकच ओलांडतात. व्होल्टेज दुप्पट केल्याने त्यांची संख्या दुप्पट होत नाही. प्रत्यक्षात डिप्लीशन भाग रुंद होत असल्याने करंट थोडा वाढतो, पण इतक्या काटेकोर प्रमाणात कधीच नाही. व्होल्टेजच्या प्रमाणात चढणारी सरळ रेषा ही रेझिस्टरची खूण असते, डायोडची नव्हे.

येथे एक सोपी तपासणी करावी. पुरवठा २० व्होल्टवर ठेवून डायोडच काढून टाकावा. आमच्या किटवर डायोड काढल्यानंतरही मायक्रोअँपिअर मीटर २० च दाखवत राहिला. हा सगळा करंट व्होल्टमीटरचा होता. त्याचा अंतर्गत रोध एक मेगाओहम असल्याने तो २० व्होल्टला २० मायक्रोअँपिअर घेतो, आणि मीटरची जोडणी अशी होती की हा करंटही करंट-मीटरमधूनच जात होता.

फॉरवर्डसाठी हीच जोडणी योग्य ठरते. तेथे व्होल्टमीटर थेट डायोडच्या दोन टोकांवरच हवा, कारण करंट-मीटरवर पडणारा व्होल्टचा छोटा अंश ०.७ व्होल्टच्या तुलनेत मोठा असतो, तर व्होल्टमीटरने घेतलेला एक मायक्रोअँपिअरहून कमी करंट मिलिअँपिअरपुढे नगण्य असतो. रिव्हर्समध्ये हे प्रमाण पूर्ण उलटते. त्यामुळे व्होल्टमीटरची पॅच कॉर्ड करंट-मीटरच्या पलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला न्यावी लागते. आम्ही ती हलवली तेव्हा मायक्रोअँपिअर मीटर शून्यावर आला आणि ३० व्होल्टपर्यंत तेथेच राहिला.

शून्य रीडिंग पाहून विद्यार्थी नाराज होतात, म्हणून त्यापुढचा प्रयोग आम्हीच जोडला. दहा मेगाओहम अंतर्गत रोधाचा साधा मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून तो उलट्या डायोडशी सिरीजमध्ये जोडायचा. मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ नॅनोअँपिअर. मात्र आपला मल्टिमीटर त्या रेंजवरही दहा मेगाओहमचाच आहे याची आधी खात्री करावी. वन-एन-४००७ साठी आम्हाला २० व्होल्टला काही नॅनोअँपिअर मिळाले, म्हणजे किटने दाखवलेल्या आकड्याच्या हजारो पट कमी. सोल्डरिंग आयर्न डायोडच्या काळ्या अंगाला न टेकवता जवळ धरला की आकडा भराभर चढू लागतो आणि दूर नेला की हळूहळू उतरतो. रिव्हर्स करंट तापमानातून येतो हे वर्गात सांगण्यापेक्षा तो चढता आकडा एकदा पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. काचेच्या आवरणाचा डायोड घेतल्यास टेबलावरच्या दिव्यानेही रीडिंग बदलते, म्हणून तो झाकून ठेवावा.

ब्रेकडाउन या किटवर वन-एन-४००७ ने दाखवता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तो १००० व्होल्टपर्यंत रिव्हर्स सहन करण्यासाठी बनवलेला आहे. त्यासाठी झेनर आहे. ५.१ व्होल्टच्या झेनरला १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर जोडले तर रेझिस्टरवर ९.९ व्होल्ट पडतात, म्हणून करंट ९.९ मिलिअँपिअर आणि झेनरमध्ये सुमारे ५० मिलिवॅट उष्णता. एवढ्याने झेनरला काहीही होत नाही आणि नॉब मागे घेतला की तो पूर्ववत होतो. डायोड ब्रेकडाउनमुळे नव्हे तर अमर्याद करंटच्या उष्णतेमुळे जळतो, हे येथे नीट पटते. मात्र पुस्तिका नॉब ३० व्होल्टपर्यंत न्यायला सांगते. तेथे करंट सुमारे २५ मिलिअँपिअर होतो आणि पाव वॅटच्या रेझिस्टरवर ०.६ वॅटहून अधिक उष्णता पडते. आमचा रेझिस्टर काळवंडल्यावर आम्ही त्या जागी एक वॅटचा बसवला.

किटमध्ये एकच झेनर देणे मला अपुरे वाटते. आम्ही ३.३ आणि १२ व्होल्टचे झेनर वेगळे आणले, आणि दोन्हींचे आलेख शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसला. ३.३ व्होल्टच्या झेनरचे ब्रेकडाउनचे वळण पसरट आहे, १२ व्होल्टच्याचे जवळजवळ काटकोनी. पहिल्यात तीव्र विद्युत क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन बंध तोडून अडथळ्यातून टनेल होतात. दुसऱ्यात वेग घेतलेले वाहक अणूंवर आदळून नवे वाहक मोकळे करतात आणि ही साखळी हिमस्खलनासारखी वाढते. उष्णता दिल्यावर पहिल्याचे व्होल्टेज उतरते आणि दुसऱ्याचे चढते. ५ ते ६ व्होल्टच्या दरम्यान दोन्ही क्रिया एकत्र चालतात, त्यामुळे किटमधला ५.१ व्होल्टचा झेनर आयर्न जवळ नेल्यावर फारसा हलत नाही, आणि त्याच्यावर प्रयोग केल्यास तापमानाचा परिणाम नसतोच असा समज होऊ शकतो.

एवढे बदल करण्याची तयारी असेल तर किट घ्यावे, कारण सॉकेट घट्ट आहेत आणि पुरवठा स्थिर आहे. घेण्यापूर्वी विक्रेत्याला व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध विचारावा आणि व्होल्टमीटरची जोडणी आतून कायम केलेली नाही, पॅच कॉर्डने बदलता येते, याची खात्री करून घ्यावी.