आई-वडिलांची आरोग्य पॉलिसी मुलाच्या नावावर: १६ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वडील ६७, आई ६३. फ्लोटर पॉलिसी, म्हणजे १० लाखांची एकच रक्कम दोघांनी मिळून वापरायची, प्रपोझर मुलगा, हप्ताही त्याच्याच पगाराच्या खात्यातून. १६ महिन्यांत एक कॅशलेस क्लेम, एक रिइम्बर्समेंट आणि एक नूतनीकरण झालं. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी कुठल्याही कंपनीत याच वळणावर येतात. मूळ एकच आहे: पॉलिसीत माणसं तीन असतात आणि घरात सगळे त्यांना एकच समजतात.

गोंधळाची सुरुवात भाषेतूनच होते. मराठी माहितीपत्रकांत ‘विमाधारक’ हा शब्द कधी पॉलिसी घेणाऱ्यासाठी येतो, तर कधी जिच्या उपचाराचा खर्च मिळायचा त्या व्यक्तीसाठी. म्हणून इथे तो वापरलेलाच नाही. प्रपोझर म्हणजे अर्जावर सही करणारा, ज्याचा कंपनीशी करार होतो तो. पत्ता, मोबाइल, नामनिर्देशन, रद्द करण्याचा हक्क सगळं त्याचं. इन्शुअर्ड म्हणजे ज्यांच्या आजारपणाला संरक्षण आहे ते, इथे आई आणि वडील. आधीचे आजार, वय आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबायचा काळ, यांचा हिशेब फक्त त्यांचा चालतो. तिसरा, ज्याच्या खात्यातून हप्ता गेला तो. करारात त्याला जवळपास काहीच स्थान नाही, पण प्राप्तिकरात सगळं स्थान त्यालाच आहे.

अर्ज भरतानाची सगळ्यात मोठी जोखीम इथेच आहे. आजारांची माहिती असते आई-वडिलांकडे आणि ती खरी असल्याची सही करतो मुलगा. बहुतेक मुलांना ‘बाबांना बीपी आहे’ एवढंच ठाऊक असतं. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, कोणत्या वर्षापासून चालू, मध्ये कधी टूडी इको किंवा अँजिओग्राफी झाली होती का, हे ठाऊक नसतं. अर्जात मात्र नेमकं हेच विचारतात. त्यामुळे अर्ज उघडण्याआधी औषधांच्या पट्ट्या आणि जुन्या फायली टेबलावर मांडून प्रत्येक औषधाचं नाव आणि सुरू झाल्याचं साल लिहून काढणं हाच खरा पहिला टप्पा. त्यानंतर कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येतो तो थेट इन्शुअर्ड व्यक्तीला. ‘काही त्रास?’ असं विचारल्यावर आपल्याकडचे वडील सवयीने ‘काही नाही, एकदम ठणठणीत’ म्हणतात. अर्जात बीपी लिहिलेलं आणि रेकॉर्ड झालेल्या फोनवर ‘काही नाही’, अशी विसंगती राहिली तर पुढे क्लेमच्या वेळी तिच्यावर बोट ठेवलं जातं. वडिलांना आधीच सांगून ठेवावं की हा फोन डॉक्टरांशी गप्पा मारण्यासाठी नाही, अर्जातली माहिती पडताळण्यासाठी आहे.

पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते. ती वाचायला हवी आणि वाचायला वेळही आहे, कारण कागदपत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी तपासून पटली नाही तर परत करण्याची मुदत, असतो. एजंटाने किंवा कॉल सेंटरने भरलेल्या अर्जात ‘आधीचा आजार: नाही’ अशी खूण परस्पर झालेली असेल, तर ती दुरुस्त करण्याची योग्य वेळ हीच. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ नियमानुसार जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. म्हणजे बीपी सांगून तीन वर्षं थांबण्याचं ओझं पेलता येतं. लपवलेल्या बीपीचं तसं नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहीपर्यंत कंपनीला हा मुद्दा काढता येतो, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही.

कॅशलेसचा अनुभव एकूण चांगला. आईला डेंग्यू झाला, रुग्णालय नेटवर्कमधलं होतं. विमा डेस्कवर आईचं ई-कार्ड आणि आधार लागलं. पण मंजुरीचे सगळे मेसेज गेले मुलाच्या फोनवर, कारण नोंदणीकृत क्रमांक प्रपोझरचा. ॲपमध्ये लॉगिनही त्याच क्रमांकाने. आई-वडील साताऱ्यात आणि मुलगा बंगळुरूत मीटिंगमध्ये, असं असेल तर कंपनीने मागितलेल्या जादा माहितीचा मेसेज तिकडेच पडून राहतो आणि इकडे ‘कंपनीकडून उत्तर नाही’ एवढंच कळतं. नियमाप्रमाणे कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो, पण रुग्णालयाने पूर्ण कागद पाठवले तरच त्या वेळेला अर्थ उरतो. उपाय अगदी साधा आहे. पर्यायी क्रमांक म्हणून आई किंवा वडिलांचा मोबाइल कंपनीकडे नोंदवून घ्यावा आणि ई-कार्डाची छापील प्रत त्यांच्या आधारच्या प्रतीसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. आणखी एक: रुग्णालयात नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्यावं. लग्नाआधीचं नाव जुन्या फायलींवर, नंतरचं आधारवर आणि घरातलं हाक मारायचं नाव केसपेपरवर, असं झालं की ही तीन माणसं नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं.

रिइम्बर्समेंटमध्ये मात्र तीन माणसांचा घोळ पूर्ण रंगतो. वडील तीन दिवस नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात होते. ५४,३०० रुपये त्यांनी स्वतःच्या डेबिट कार्डने भरले. क्लेम फॉर्मसोबत मूळ बिलं, पावती, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल जोडले आणि रद्द केलेला चेकही जोडला. तो वडिलांच्या खात्याचा, कारण पैसे त्यांनी भरले होते. नेमका यावरच आक्षेप आला. कंपनी पैसे प्रपोझरलाच देते. रुग्णालयात कोणाच्या कार्डाने पैसे गेले याच्याशी तिला देणंघेणं नाही. बिल रुग्णाच्या नावाचं हवं आणि खातं प्रपोझरचं. मुलाचा नाव छापलेला चेक दिल्यावर ४९,८५० रुपये त्याच्या खात्यात जमा झाले. कापलेल्या रकमेत हातमोजे, नोंदणी शुल्क असे किरकोळ प्रकार होते. मुलाने ते पैसे वडिलांना पाठवले, त्यात कराचा प्रश्न येत नाही. पण बापलेकांत पैशावरून कुरबुर असेल तर हा नियम आधीच माहीत असलेला बरा. क्लेम एक लाखाच्या वर गेला की प्रपोझरची केवायसी, पॅनसह, पुन्हा मागितली जाऊ शकते.

आता कर. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट सगळे ८०डी म्हणून ओळखतात. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी निवडली असेल तर हा परिच्छेद सोडून द्यावा. पालकांपैकी एक जरी साठीच्या पुढचा निवासी भारतीय असेल तरी त्यांच्या हप्त्यासाठी मर्यादा ५०,००० रुपये, नाहीतर २५,०००. पालक मुलावर अवलंबून असण्याची अट नाही. अट आहे ती पैसे करदात्याने भरण्याची आणि रोखीने न भरण्याची. या पॉलिसीचा पहिला हप्ता ५६,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून ६६,०८० झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेल्याने नूतनीकरणाला ५९,५०० भरावे लागले. मूळ दर ६.२५ टक्क्यांनी वाढला होता, तरी खिशातून कमी गेले. वजावट दोन्ही वर्षी ५०,००० च. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो.

हेच पैसे मुलाने वडिलांना पाठवले असते आणि वडिलांनी यूपीआयने हप्ता भरला असता, तर कागदावर भरणारे वडील ठरले असते आणि मुलाची वजावट अडचणीत आली असती. उलट प्रकारही होतो. प्रपोझर वडील आणि पैसे मुलाच्या खात्यातून. कायदा भरणाऱ्याकडे पाहतो, पण कंपनीचं प्रमाणपत्र प्रपोझरच्या नावाने निघतं, म्हणून ऑफिसच्या अकाउंट्स विभागात ते परत येतं. तेव्हा बँक स्टेटमेंट जपून ठेवून विवरणपत्रात वजावट मागावी लागते. प्रपोझर आणि भरणारा एकच ठेवला की हा सगळा व्याप वाचतो.

भाऊ-बहीण निम्मानिम्मा खर्च उचलतात तिथे हे जास्त बोचतं. भावाने पूर्ण हप्ता भरायचा आणि बहिणीने त्याला निम्मे पाठवायचे, हा घरगुती हिशेब झाला. बहिणीने कंपनीला काहीच भरलेलं नसल्याने तिच्या वजावटीला आधार राहत नाही. दोघेही जुन्या प्रणालीत असतील तर फ्लोटरऐवजी दोन पॉलिसी घेता येतात: वडिलांची भावाच्या नावे, आईची बहिणीच्या नावे. एकत्र हप्त्यापेक्षा थोडं जास्त पडतं, पण प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा मिळते आणि एकाच्या आजारपणात दुसऱ्याची रक्कम संपत नाही. सासू-सासऱ्यांना जावयाच्या पॉलिसीत घालायला बऱ्याच कंपन्या तयार असतात, पण ८०डीत ‘पालक’ म्हणजे स्वतःचेच. तिथे हप्ता लेकीच्या खात्यातून जायला हवा.

नूतनीकरणाला आणखी एक गोष्ट कळली. ऑटो-डेबिट जुन्या खात्यावर होतं, ते बदलायचं राहिलं आणि हप्ता गेला नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते आणि तेवढ्यात भरल्यास प्रतीक्षा काळाचं सातत्य टिकतं. पण मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंत मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाला संरक्षण नसतं. इथे चार दिवस तसे गेले. नोकरी बदलणाऱ्या मुलाच्या पगार खात्यावर मँडेट असेल तर नूतनीकरणाच्या महिनाभर आधी ते तपासावं.

प्रपोझरचं काही बरंवाईट झालं तर आई-वडिलांचं संरक्षण तिथेच संपत नाही. मृत्यूचा दाखला आणि नव्या प्रपोझरची केवायसी देऊन दुसऱ्याचं नाव लावून घेता येतं, आणि प्रतीक्षा काळ इन्शुअर्ड व्यक्तीचा असल्याने तो पुन्हा शून्यापासून मोजला जात नाही. मात्र अडकलेल्या रिइम्बर्समेंटचे पैसे नामनिर्देशित व्यक्तीकडे जातात. या पॉलिसीत तिथे ‘पत्नी’ अशी नोंद होती. नूतनीकरणाच्या वेळी तीही बघून घेतली आणि तिथे आईचं नाव टाकलं.