स्क्रीनशॉट १२ मार्चचा, यूटीआर ६ मार्चचा

मस्जिद बंदरमधलं सुकामेव्याचं एक घाऊक दुकान. ऑर्डर व्हॉट्सॅपवर येते, गिऱ्हाईक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि माल टेम्पोत चढतो. १२ मार्च २०२५ला ₹४,८५०चा स्क्रीनशॉट आला. रक्कम बरोबर, दुकानाचं नाव बरोबर, वेळ सकाळी ११.२०. माल गेला, पैसे मात्र आलेच नव्हते.

त्याच गिऱ्हाइकाने ६ मार्चला तेवढेच पैसे खरोखर भरले होते. तेच चित्र त्याने तारीख-वेळ बदलून पुन्हा पाठवलं. प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा नंबर, म्हणजे यूटीआर, बदलायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

यूपीआयचा यूटीआर १२ अंकी असतो. त्यातला पहिला अंक सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ६ मार्च हा २०२५चा ६५वा दिवस, म्हणून नंबर ५०६५ने सुरू होत होता. १२ मार्चचा असता तर ५०७१ने झाला असता. मध्यरात्रीच्या आसपास एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, सहा दिवसांचा नाही. ॲपचा स्वतःचा, अक्षरं मिसळलेला ट्रान्झॅक्शन आयडी वेगळा. तो इथे कामाचा नाही.

स्क्रीनशॉटमधली माहिती दुकानाच्या एक्सेल शीटमध्ये उतरत होती, तरी चोरी दिसली नाही. कारण यूटीआरचा रकाना साधा ठेवला होता. १२ अंकी संख्या तिथे 5.06512E+11 अशी दिसते, आणि फाइल सीएसव्हीत सेव्ह केली की शेवटचे अंक कायमचे जातात. मग एकाच दिवसाचे वेगवेगळे नंबरही सारखेच दिसू शकतात आणि खरा दुबार नंबर ओळखता येत नाही. म्हणून नंबर भरण्याआधी बी रकाना टेक्स्ट करायचा आणि शेजारच्या दोन रकान्यांत ही सूत्रं टाकायची:

```
=COUNTIF(B:B,B2)>1
=DATE(2020+LEFT(B2,1),1,MID(B2,2,3))
```

पहिलं दुबार नंबर पकडतं, दुसरं नंबरातली तारीख काढतं. ती स्क्रीनशॉटवरच्या तारखेशी जुळली नाही तर माल थांबवा.

मजकूर आपोआप वाचून घेत असाल तर रक्कम एकदा डोळ्यांनी पाहाच. ₹ हे चिन्ह कधीकधी २ किंवा ७ असं वाचलं जातं आणि ५००चे २५०० होतात. पैसे कोणाला गेले हे नावावरून ठरवू नका, यूपीआय आयडी उतरवा. समोरच्याच्या ॲपमध्ये त्याने स्वतः सेव्ह केलेलं नाव जून २०२५पर्यंत दिसू शकत होतं. वेळही व्यवहाराच्या ओळीतली घ्यायची, फोनच्या वरच्या पट्टीतली नव्हे.

हुशार भामटा नंबरही बदलेल. म्हणून स्क्रीनशॉटवरून फक्त कच्ची नोंद करावी. पक्की नोंद तोच यूटीआर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडल्यावर. दुकानाच्या क्यूआरचे दिवसभराचे पैसे एकरकमी जमा होत असतील तर स्टेटमेंटमध्ये सुटे नंबर मिळणार नाहीत. अशा वेळी मर्चंट ॲपमधला व्यवहारांचा रिपोर्ट उतरवून त्याच्याशी ताडून पाहायचं.