‘ट्रेनिंग दिले आहे’ एवढ्यावर सीएआर बंद केली आणि नापास माल पुन्हा गळ्यात पडला

दोषाचं कारण आणि उपाय लेखी मागणाऱ्या करेक्टिव्ह ॲक्शन रिक्वेस्टचं, म्हणजे सीएआरचं, सप्लायरकडून उत्तर वेळेत आणि टापटीप आलं की हायसं वाटतं. फसवणूक तिथूनच आत शिरते.

माल साधा होता. टर्निंग केलेला बुश, आतलं भोक म्हणजे बोअर ८ एच७, म्हणजे ८.००० ते ८.०१५ मिमी. लॉट २,००० नगांचा. आयएसओ २८५९-१ प्रमाणे, एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या खराबीची टक्केवारी, १.० ला १२५ नग तपासायचे, ३ खराब निघेपर्यंत पास, ४ ला नापास. पहिल्या लॉटमध्ये ९ नगांत, बोअर किमान मापाचा असेल तरच आत जाणारं गो गेज शिरलंच नाही. सीएआर काढली. पाच दिवसांत उत्तर: कारण ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’, उपाय ‘ट्रेनिंग दिले’, सोबत सह्यांचा कागद. दुसऱ्या लॉटमध्ये ११ खराब, दोषही तोच, बोअर लहान. दुसरी सीएआर गेली. या वेळी उत्तर ‘रीमर बदलला’, म्हणजे बोअर अचूक मापाला आणणारं हत्यार बदललं; सोबत नव्या रीमरचा फोटो.

हे उत्तर खरं वाटलं, कारण झिजलेला रीमर बोअर लहानच काढतो. पण रीमर किती नगांनंतर बदलायचा, ते कोण मोजणार, आणि लहान बोअर त्यांच्याच तपासणीत का अडकला नाही, यावर अवाक्षर नव्हतं. दोष का झाला आणि तो सुटून बाहेर का आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर सीएआर परत पाठवा, कितीही घाई असो.

आता जे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही ते. दुसऱ्या लॉटसोबत आलेल्या तपासणी अहवालात ३२ मोजमापं होती आणि सगळी हद्दीत. इथे मात्र १२५ पैकी ११ नापास. एक तर दोघांची गेजं जुळत नव्हती किंवा कागद खोटा होता. त्याच दिवशी तोच नग दोन्हीकडच्या गेजवर लावून बघायला हवा होता. तिसऱ्या लॉटच्या अहवालात तर तीच ३२ मोजमापं त्याच क्रमाने होती, फक्त तारीख नवी. त्यावर सही झाली! रोज असे कागद गठ्ठ्याने येतात, आकड्यांपुढची बरोबरची खूण बघूनच पुढे जातात, आणि असेंब्लीकडे दीड दिवसाचा माल उरलेला. तरी ती सही चूकच.

त्याहून जिव्हारी लागणारं पुढेच. सलग पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नापास झाले की तपासणी कडक करायची, हा नियम प्लॅनमध्ये लिहिलेला आहे. नमुना तेवढाच १२५, पण ३ खराब निघाले की लॉट नापास. तिसऱ्या लॉटमध्ये नेमके ३ निघाले. जुन्याच तक्त्यावर तो पास झाला आणि सीएआर बंद.

असेंब्लीत ३५० बुश लागल्यावर पिन एका बाजूने हलू लागली. तीन खोलींवर बोअर मोजला: आत ८.००४, तोंडाशी ८.०३. नापास नगांना एका बाजूने एमरी घालून गो गेज जाईल एवढं घासलं होतं. आमच्या प्लॅनमध्ये बोअर मोठा झाला तरच आत शिरणारं नो-गो गेज एकाच बाजूने लावायचं लिहिलं होतं, म्हणून पकडलं गेलं नाही. दोन्ही बाजूंनी लावा. उरलेले १,६५० नग निवडले, एका नगाला ४० सेकंद, म्हणजे १८ तास २० मिनिटं. ४१२ खराब. त्यात ६ नगांच्या तोंडावर इलेक्ट्रिक पेनने केलेलं बारीक टिंब होतं. ते आधीच्या दोन लॉटमधल्या २० नापास नगांवर आम्हीच केलेलं! परत पाठवलेला मालच नवा लॉट नंबर लावून आला होता. परतीचा माल खूण केल्याशिवाय कधीही सोडू नका.

आणि दाद कुठे मागायची? परचेस म्हणालं, दुसरा सप्लायर तयार नाही, डेव्हिएशनवर, म्हणजे दोष मान्य करून, वापरा. नग घासलेला आहे आणि वर डेव्हिएशन? सप्लायरच्या मालकाला फोन केला तर ‘पोरांनी चूक केली’. मग त्याच्या आयएसओ ९००१ प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे अहवालाच्या दोन्ही प्रती, टिंब असलेल्या नगांचे फोटो आणि तीन खोलींची मोजमापं पाठवली. उत्तर आलं की सप्लायरकडे सुधारणेची कार्यपद्धती लेखी आहे, पुढच्या ऑडिटमध्ये पाहू. कार्यपद्धती लिहिलेली आहे हे आम्हालाही माहीत होतं. ती पाळली का, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायला कोणी तयार नव्हतं. तक्रारीवर चौकशी करणं हे त्यांचंच काम, तरी आम्हालाच तिसऱ्यांदा तीच कागदपत्रं मागितली.

या घासलेल्या मालावर काढलेली तिसरी सीएआर अजून उघडी आहे. ती बंद करण्याच्या अटी आता लेखी दिल्या आहेत: रीमर बदलण्याची नगसंख्या मशीनवर लावलेली दिसली पाहिजे, गेजची तुलना दोघांच्या सहीने व्हायला हवी, आणि कडक तपासणीत सलग पाच नवे लॉट पहिल्याच फेरीत पास व्हायला हवेत. परत आलेला, निवडलेला किंवा घासलेला लॉट त्या पाचांत धरायचा नाही.