बरगडीला मुका मार की तडा?
तीन आठवडे खोकून बरगडी धरलेल्या आईने दुखरी जागा एका बोटाने नेमकी दाखवली, तेव्हाच मला तड्याची शंका आली. मुक्या मारात बहुधा तळहाताएवढा भाग ठणकतो, तर तड्यात एकाच बिंदूवर कळ येते आणि डॉक्टरांनी छातीचे मधले हाड हलके दाबले तरी ती तिथेच उमटते. बारीक तडा एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. मुका मार साधारण २ ते ४ आठवड्यांत बरा होतो, तड्याला ६ किंवा अधिक लागतात. उपचार मात्र जवळपास सारखेच.

छाती पट्ट्याने आवळू नये, कारण उथळ श्वासामुळे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक घेऊन, दुखऱ्या जागी उशी धरून, नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, ३ सेकंद रोखून सोडावा. जागेपणी दर तासाला असे १० श्वास पुरेत. धाप, ताप किंवा रक्ताळलेला कफ असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.